वाचणारीचा आवाज, तपासणाऱ्याचा डोळा

अँटवर्पचा मुद्रक क्रिस्तोफ प्लांतिन याने १५७० साली स्पेनच्या राजाचा सचिव गाब्रिएल दे सायास याला एक पत्र लिहिले. त्यात त्याने आपल्या मुली काय काय कामे करतात हे सविस्तर सांगितले आहे. मुली चार-पाच वर्षांच्या झाल्या की त्यांना वाचायला शिकवायचे आणि बारा वर्षांच्या होईपर्यंत छापखान्यातल्या मुद्रितांच्या वाचनाला त्यांची मदत घ्यायची, ही त्याच्या घरची पद्धत होती. लिपी कोणतीही असो, भाषा कोणतीही असो. थोरल्या मुली पुढे दुसऱ्या व्यवहारांत गेल्या. लिनन आणि लेसच्या व्यापाराचा भार त्यांनी उचलला. पत्र लिहिले तेव्हा हे वाचनाचे काम चौथ्या मुलीकडे, माग्दालेनाकडे होते. ती तेरा वर्षांची होती. बायबलची मुद्रिते घेऊन बेनितो आरियास मोंतानो या स्पॅनिश पंडिताच्या बिऱ्हाडी जायचे आणि तो मुद्रित तपासत असताना त्याला मूळ मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, असे तिचे काम होते. हिब्रू, अरामी, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन अशा पाच भाषांतला मजकूर ती वाचत असे.

हे बायबल साधेसुधे नव्हते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने १५६८ मध्ये त्याची छपाई सुरू झाली आणि आठ मोठ्या खंडांचे हे काम १५७३ पर्यंत चालले. अल्काला येथे अर्धशतकापूर्वी छापलेल्या बहुभाषी बायबलची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. जुन्या कराराचे पान उघडले की सहसा डावीकडे हिब्रू मजकूर आणि त्याच्या शेजारी लॅटिन. उजवीकडे ग्रीक आणि त्या ग्रीकचे लॅटिन भाषांतर. खाली अरामी आणि त्याचेही लॅटिन. समोरासमोरच्या दोन पानांत सहा मजकूर, आणि त्यांपैकी दोन उजवीकडून डावीकडे वाचायचे. प्रती सुमारे बाराशे. चूक राहिली तर ती बाराशे वेळा राहणार.

अशा कामाची तपासणी दोघांनी का करायची, हे आधी समजून घेतले पाहिजे. एकटा तपासनीस मूळ प्रत डावीकडे आणि मुद्रित उजवीकडे ठेवतो. प्रत्येक तीन-चार शब्दांनंतर त्याची नजर इकडून तिकडे जाते आणि परत येते. येताना ती नेमक्या त्याच जागी उतरेल याची खात्री नसते. एकच शब्द दोन ओळींत आला असेल तर नजर पहिल्यावरून उठते आणि दुसऱ्यावर बसते. मधला मजकूर वाचलाच जात नाही. खिळे जुळवणाऱ्याची ओळ सुटते ती याच कारणाने. म्हणजे चूक करणारा आणि चूक शोधणारा दोघेही त्याच खड्ड्यात पडण्याची शक्यता असते.

दोन माणसे बसली की नजरेची ही ये-जा थांबते. वाचणाऱ्याची नजर मूळ प्रतीवरून हलत नाही, तपासणाऱ्याची मुद्रितावरून हलत नाही. दोघांच्या मध्ये फक्त आवाज असतो. वाचणारा एका लयीत, घाई न करता वाचत जातो. तपासणारा ऐकलेला प्रत्येक शब्द कागदावर सापडतो का ते पाहतो. नाही सापडला की थांबवतो, समासात खूण करतो आणि पुढे चला म्हणतो. शंभर वर्षांनंतर, १६८३ मध्ये, लंडनच्या जोसेफ मॉक्सनने छापखान्याच्या कामांचे बारकाईने वर्णन केले. त्यातही मुद्रितशोधक खिळे जुळवण्याच्या दालनाला लागून असलेल्या लहानशा खोलीत बसतो आणि दुसरा त्याला मूळ प्रत वाचून दाखवतो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ साली आपली नियमावली पुस्तकरूपाने काढली, तेव्हा तिच्या अखेरीस मुद्रितशोधकांना सूचना होत्या तशा या वाचणाऱ्यांनाही वेगळ्या सूचना होत्या. तीन शतकांत यंत्रे बदलली, ही जोडी बदलली नाही.

तेरा वर्षांच्या मुलीला पाच भाषांतले पांडित्य असण्याची गरज नव्हती. तिला अक्षर ओळखता येणे आणि त्याचा ठरलेला उच्चार करता येणे पुरेसे होते. उलट, अर्थ न समजणे हा इथे काही अंशी फायदाच ठरतो. भाषा जाणणारा वाचक वाक्य अर्धे वाचले की उरलेले मनाने पुरे करतो. कागदावर जे आहे त्याऐवजी जे असायला हवे ते त्याच्या तोंडून निघते. अर्थाची वाट ज्याला माहीत नाही त्याला अक्षरांचा हात धरूनच चालावे लागते. मोंतानो अर्थ जाणत होता. अक्षर माग्दालेना सांभाळत होती.

या पद्धतीत काय सापडते, हे हिब्रूच्या एका उदाहरणावरून नीट कळते. हिब्रूत दालेत आणि रेश ही दोन अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी आहेत. आडव्या रेघेला उजवीकडे उभी रेघ जोडलेली. दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोलसर, एवढाच फरक. दालेतचा उच्चार द, रेशचा र. ‘एहाद’ म्हणजे एक, ‘अहेर’ म्हणजे दुसरा किंवा परका. लिहिताना या दोन शब्दांत खालची स्वरचिन्हे सोडली तर शेवटच्या अक्षराच्या कोपऱ्यापुरताच भेद उरतो. देव एक आहे असे सांगणारे वचन आणि परक्या देवाला नमू नकोस असे सांगणारे वचन, दोन्ही बायबलात आहेत. जुन्या लेखनिकांना हा धोका इतका ठाऊक होता, की पहिल्या वचनातला दालेत आणि दुसऱ्यातला रेश ते मुद्दाम मोठा काढत. छापखान्यात हा धोका आणखी वाढतो, कारण छपाईनंतर खिळे परत खान्यांत टाकताना रेश दालेतच्या खान्यात पडला की पुढच्या वेळी तोच हाताशी येणार. एकट्या तपासनिसाची थकलेली नजर हा कोपरा सहज ओलांडून जाईल. पण वाचणारीच्या तोंडून स्पष्ट ‘द’ आला की तपासणारा त्या जागी ‘द’ शोधतो. डोळ्याला जवळजवळ एकच दिसणारी अक्षरे कानावर पूर्ण वेगळी पडतात. आकाराची चूक आवाजाने पकडली जाते.

आता उलटी बाजू. हिब्रूत ‘लो’ असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. आलेफने लिहिला तर अर्थ ‘नाही’, वावने लिहिला तर ‘त्याला’ किंवा ‘त्याचा’. शंभराव्या स्तोत्रात हा घोटाळा परंपरेनेच नोंदवून ठेवला आहे. तिथे मजकुरात आलेफचा ‘लो’ लिहिलेला आहे आणि समासात वावचा वाचावा अशी सूचना आहे. एकाप्रमाणे अर्थ होतो, ‘त्याने आम्हाला घडवले, आम्ही स्वतःला नव्हे’. दुसऱ्याप्रमाणे, ‘त्याने आम्हाला घडवले आणि आम्ही त्याचे आहोत’. दोन्ही ईश्वरभक्तीला शोभणारे, म्हणून अर्थावरूनही संशय येत नाही. अशा ठिकाणी वाचणारी कितीही स्वच्छ वाचो आणि तपासणारा कितीही सावध असो, चूक त्यांच्या मधून निसटून जाते. तिने ‘लो’ म्हटले, त्याला कागदावर ‘लो’ दिसला, दोघेही पुढे गेले.

म्हणून या पद्धतीची खरी मर्यादा माणसांच्या दक्षतेत नाही, ती लिपीत आहे. लिपी जेवढे बोलते तेवढेच कान तपासू शकतो. आपल्या देवनागरीला ही फूटपट्टी लावून पाहावी. घ आणि ध यांत शिरोरेखेच्या एका तुकड्याचा फरक आहे. ‘धन’च्या जागी ‘घन’ जुळला तर डोळा फसेल, कान फसणार नाही. पण ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘दिन’ आणि ‘दीन’ हे रोजच्या बोलण्यात इतके सारखे ऐकू येतात, की पुत्र आणि धागा, दिवस आणि दरिद्री एकमेकांच्या जागी बिनबोभाट बसतात. श आणि ष यांचे तेच. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळण्यापूर्वी तर अनुच्चारित अनुस्वारांचे जंगल होते. ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी. भेद फक्त एका टिंबाचा, आणि ते टिंब बोलायचे नाही. असे टिंब गळले की वाढले हे नुसत्या वाचनाने कळण्याचा मार्गच नव्हता. वाचणाऱ्याने ‘ना वर टिंब’, ‘दुसरी वेलांटी’, ‘पोटफोड्या ष’ असे अक्षराचे नाव घेऊन सांगितले तरच ते ऐकू येणार.

उपाय म्हणून पूर्वापार तेच चालत आले आहे. जिथे लिपी गप्प बसते तिथे वाचणाऱ्याने तिच्यासाठी बोलायचे. विरामचिन्हे शब्दांसारखी उच्चारायची, विशेषनामे अक्षर फोडून सांगायची, आकडे एकेक अंक वेगळा करून म्हणायचे. ‘पन्नास’ आणि ‘पंचावन्न’ घाईत मिसळतात. ‘पाच-शून्य’ आणि ‘पाच-पाच’ मिसळत नाहीत. आणि एवढे झाल्यावरही तपासणाऱ्याने मुद्रित पुन्हा एकदा एकट्याने, न ऐकता, केवळ डोळ्यांनी वाचायचे. पहिले वाचन मुद्रिताची मुळाशी गाठ घालते, दुसरे मुद्रिताचे स्वतःशी. एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही.

आणखी एक फट उरते, आणि तिच्यावर उपाय अवघड आहे. मूळ प्रत फक्त वाचणाऱ्यासमोर असते. जुळवणाऱ्याची नजर जिथे एका शब्दावरून त्याच शब्दावर घसरली, नेमकी तिथेच वाचणाऱ्याचीही घसरली, तर गळालेली ओळ दोघांनाही गळालेली वाटणार नाही. आवाज अखंड, कागद अखंड, आणि मूळातली ओळ मात्र बाहेर. तपासणारा हे पकडू शकतो ते केवळ अर्थ तुटल्याची जाणीव झाली तरच. प्लांतिनच्या व्यवस्थेत एका बाजूला अक्षर सांभाळणारी मुलगी आणि दुसऱ्या बाजूला अर्थ जाणणारा पंडित होता, त्याचे मोल इथे कळते.

आपल्याकडे कचेरीतल्या जुन्या नकलांच्या तळाशी ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा वेगवेगळ्या सह्या दिसतात. लिहिणाऱ्याचे काम आणि ताडून पाहणाऱ्याचे काम निराळे, म्हणून जबाबदारीही निराळी. जमिनीच्या कागदात एका अंकाचा फरक पडला तर कोणाला विचारायचे हे त्या सहीवरून ठरते. छापील ग्रंथात अशी सही नसते. अँटवर्पच्या बायबलवर प्लांतिनचे नाव आहे, राजाचे आहे, मोंतानोचे आहे. वाचणारीचे नाव बापाच्या एका पत्रामुळे आपल्यापर्यंत आले.

पुढे १५७२ मध्ये, बायबलचे काम पुरते संपण्याआधीच, माग्दालेनाचे लग्न पॅरिसमधले प्लांतिनचे दुकान पाहणाऱ्या जिल बेजशी झाले. अँटवर्पमध्ये प्लांतिनचे घर आणि छापखाना आता संग्रहालय आहे, आणि तिथे मुद्रितशोधकांची खोलीही दाखवतात. पण प्लांतिन त्या वास्तूत राहायला गेला तो १५७६ साली. माग्दालेनाचे वाचन त्याआधीचे, दुसऱ्या घरातले, आणि बरेचसे मोंतानोच्या बिऱ्हाडातले. ती जागा दाखवता येत नाही. दाखवता येतात ती पाने, ज्यांतला दालेत टोकदार कोपऱ्याचा आहे आणि रेश गोलसर.