मालप्रकारांची छाटणी (किरकोळ व्यापार)

दुकानातील कोणता मालप्रकार ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हे नगामागचा नफा आणि मालाचा उठाव एकत्र पाहून ठरवण्याची पद्धत. दोन्ही गोष्टी सुट्या पाहिल्या तर दिशाभूल करतात. भरघोस नफ्याचा नग वर्षभर फडताळात पडून राहू शकतो, आणि झपाट्याने खपणारा नग इतका कमी देतो की त्यातून बांधणावळही सुटत नाही. म्हणून दोन्हींचा गुणाकार करतात: खरेदीकिमतीवरील ढोबळ नफ्याचे प्रमाण गुणिले साठा वर्षातून किती वेळा फिरतो ती संख्या. उत्तर येते ते मालात अडकलेल्या दर रुपयामागे वर्षाला सुटणाऱ्या नफ्याचे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपूर्ण कंपनीचा परतावा मोजताना नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाची उलाढाल असाच गुणाकार केला होता. दुकानदार तोच हिशेब एकेका मालप्रकाराला लावतो.

नागपुरात ही पद्धत नीट दिसते ती इतवारी-गांधीबागेच्या कापडबाजारात. तिथल्या एखाद्या मध्यम दुकानात विदर्भातली करवतकाठी टसर साडी, लग्नातल्या आहेराचे पॅन्ट-शर्ट पीस आणि उन्हाळ्यात डोक्याला बांधायचे सुती दुपट्टे शेजारी शेजारी असतात. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत आणि ते जीएसटी वगळून आहेत. करवतकाठी ६,००० रुपयांना घेतली आणि ८,४०० ला विकली, तर नगामागे २,४०० रुपये सुटतात. दुपट्टा ८० चा १०० ला जातो, म्हणजे सुटतात फक्त २०. पण साडीचे सरासरी ४० नग पडून असतात आणि वर्षात ३० विकले जातात. दुपट्टे ३०० असतात आणि २,४०० विकले जातात. साडीत अडकलेल्या २,४०,००० रुपयांवर ७२,००० सुटले, म्हणजे रुपयामागे ३० पैसे. दुपट्ट्यात अडकलेल्या २४,००० वर ४८,००० सुटले, म्हणजे रुपयामागे २ रुपये.

इथे नफ्याचे प्रमाण खरेदीकिमतीवर काढायचे. त्याच साडीचा नफा खरेदीवर ४० टक्के आहे, विक्रीवर मात्र साडेअठ्ठावीस. साठा खरेदीभावाने मोजायचा आणि नफा विक्रीभावावर, अशी सरमिसळ झाली की गुणाकार चुकतो.

साठ्याची सरासरी कशी काढली, यावर सगळे अवलंबून असते. हिशेब बंद करायच्या आधी बरेच दुकानदार खरेदी आवरती घेतात. त्यामुळे ३१ मार्चचा साठा धरला तर प्रत्येक माल खऱ्यापेक्षा जोरात फिरताना दिसतो. दिवाळीच्या तोंडावर मोजले तर उलटे होते. दर महिन्याच्या शेवटी मोजून बारा आकड्यांची सरासरी घ्यावी. विक्रीही पूर्ण वर्षाची हवी. नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा दुपट्टा हातोहात जातो, पण त्याची मागच्या तीन महिन्यांची विक्री सप्टेंबरात पाहिली तर तो पडून माल वाटेल. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून गणवेशाच्या कापडाचेही तसेच आहे.

मालप्रकार बंद करण्याचा प्रश्न खरा येतो तो पॅन्ट-शर्ट पीसमध्ये. समजा, १,२०० चा पीस १,५६० ला जातो, साठा १२० नगांचा आहे आणि वर्षाची विक्री ९० ची. १,४४,००० रुपयांवर ३२,४०० सुटतात, म्हणजे रुपयामागे साडेबावीस पैसे. तिन्हींत हा तळाला आहे. पण तळाला आहे एवढ्यावरून तो काढायचा नसतो. तो काढल्यावर दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकरांचे पगार कमी होत नाहीत. हे खर्च वाटून त्याच्या माथी मारले तर चुकीचा निर्णय होतो. कमी होते ते फक्त अडकलेले भांडवल आणि मोकळी होते ती जागा. खरेदीच्या १५ टक्के खाली माल काढला, तर हातात १,२२,४०० येतील. त्यातून १२ टक्के व्याजाचे कर्ज फेडले, तर वर्षाला १४,६८८ रुपये वाचतील आणि ३२,४०० चा नफा जाईल. ही छाटणी तोट्याची. ती परवडायची तर सुटलेल्या पैशाला दुसऱ्या मालात रुपयामागे निदान साडेसव्वीस पैसे मिळायला हवेत. तिथे दुपट्ट्याचे २ रुपये धरून चालत नाही. दुपट्ट्यांचा ढीग दुप्पट केला म्हणून गिऱ्हाईक दुप्पट होत नाही. विचारायचे ते वाढीव रुपयाला काय मिळेल हे.

याआधी आणखी एक पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथेच सापडतो: मालप्रकार फोडून पाहायचा. त्या १२० नगांपैकी आहेरात चालणारे ३० पीस वर्षात ६० विकले जातात आणि उरलेले, तयार कपड्यांपुढे मागे पडलेले ९० पीस जेमतेम ३०, असे निघाले तर चित्र बदलते. पहिल्या गटाचा रुपयामागे परतावा ६० पैसे आहे, तो ठेवायचाच. दुसऱ्यात १,०८,००० अडकून वर्षाला १०,८०० सुटतात, म्हणजे १० पैसे. तो गट १५ टक्के घट सोसून काढला तर ९१,८०० येतात, आणि त्यांनी नुसते कर्ज फेडले तरी ११,०१६ रुपये व्याज वाचते. इथे छाटणी बरोबर ठरते. मूळ खरेदीकिंमत वसूल होईपर्यंत थांबायचे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा. गेलेली किंमत आता निर्णयात येत नाही, आज माल काय देईल तेवढेच येते.

करवतकाठीला वेगळी कसोटी लावावी लागते. तिचे ३० पैसे जेमतेम आहेत, पण ती घेणारे गिऱ्हाईक बस्त्याला आलेले असते आणि त्याच बिलात दहा-वीस साध्या साड्या नेते. लग्नसराईतली बिले काढून, करवतकाठी असलेल्या बिलांत दुसरा माल किती होता हे मोजले की या बोलण्यात किती तथ्य आहे ते कळते. बहुतेक बिलांत ती एकटीच असेल, तर ‘ही ठेवली म्हणून गिऱ्हाईक येते’ ही नुसती समजूत होती. बंद करण्याऐवजी साठा उतरवणेही शक्य असते. ४० ऐवजी २० नग ठेवले आणि विक्री ३० वरून २६ वर आली, तर १,२०,००० वर ६२,४०० सुटतात, रुपयामागे ५२ पैसे. विणकराकडून विकल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर माल घेतला तर परतावा आणखी चांगला दिसेल, पण तेव्हा भांडवल विणकराचे अडकलेले असते आणि भावात त्याची भरपाई द्यावी लागते.

प्रत्यक्ष छाटणीत आधी नवी खरेदी थांबवतात, मग सणाच्या आधी उरलेला माल उतरत्या भावाने काढतात. एकदम सगळा लिलावाच्या भावाने काढला, तर चालणाऱ्या मालाचे गिऱ्हाईकही तिकडे वळते आणि त्या महिन्यात नेहमीच्या मालाची विक्री पडते. त्यानंतरची एक पूर्ण लग्नसराई गल्ल्याजवळ वही ठेवून, दुकानात नसलेला माल मागून परत गेलेल्यांची नोंद करावी. पीस विचारून त्यातले बरेच जण साडीही न घेता गेले, तर छाटणीच्या हिशेबात ती गेलेली साडी धरायची राहिली होती, आणि पुढच्या खरेदीत आहेराच्या पिसांचा गट वाढवावा लागतो.