मध्ये खांब की खाली चकती? टॉप लोड वॉशिंग मशीनमधला खरा फरक

टॉप लोड मशीनचं झाकण उघडून आत बघा. ड्रमच्या मधोमध पंखे असलेला उंच खांब असेल तर ती अॅजिटेटरवाली मशीन. तळाशी फक्त एक पसरट, उंचवटे असलेली चकती असेल तर ती इम्पेलरवाली. आपल्याकडच्या दुकानात इम्पेलर म्हटलं तर कदाचित कोणी ओळखणार नाही, तिथे त्याला पल्सेटर म्हणतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन चकतीच्याच असतात. खांबवाल्या कमी दिसतात, पण मिळतात, आणि अमेरिकेत तर वर्षानुवर्षं त्यांचंच राज्य होतं.

मी नोकरीला पुण्यात असलो तरी घर बीड जिल्ह्यातलं, त्यामुळे मशीन म्हटलं की माझा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. 2016 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात ‘कपडे किती स्वच्छ निघतात’ याच्या आधी ‘किती बादल्या लागतात’ हे विचारावं लागतं.

कपडे धुतले कसे जातात?

अॅजिटेटरचा खांब अर्धवट फिरतो, थांबतो, उलटा फिरतो. त्याचे पंखे कपड्यांना ढकलतात, म्हणजे घासण्याचं काम खांब करतो. काही खांबांचा वरचा भाग वेगळा असतो. तो एकाच दिशेने फिरून वरचे कपडे खाली ओढतो. हे सगळं व्हायला कपडे पाण्यात मोकळे तरंगले पाहिजेत, म्हणून पाणी खांबाच्या बऱ्याच उंचीपर्यंत भरावं लागतं.

चकती तळाशी फिरते आणि पाण्यात प्रवाह तयार करते. तळाचे कपडे बाहेरच्या बाजूला जातात, ड्रमच्या कडेने वर चढतात आणि मध्ये येऊन पुन्हा खाली बुडतात. इथे घासणारी गोष्ट म्हणजे दुसरा कपडाच. म्हणून नाजूक कुर्त्यासोबत जीन्स टाकली तर तो कुर्ता जीन्सवर घासला जातो, मशीन कितीही ‘जेंटल’ असली तरी!

शेतातून आलेल्या कपड्यांवरचा काळ्या मातीचा चिखल खांब लवकर काढतो, हे मान्य करायला हवं. चकतीत तेच कपडे आधी अर्धा तास भिजवावे लागतात. कमी पाण्यात ती बारीक माती बाहेर पडून पुन्हा दुसऱ्या कपड्यावर बसू शकते. पण रोजच्या घामाच्या शर्टांना एवढी घासाघासी नकोच असते. खांबाच्या मशीनमध्ये कॉलर आणि बाह्यांच्या कडा लवकर विरतात.

पाण्याचा हिशोब

एक उदाहरण करून बघू. समजा मशीनच्या बाहेरच्या टबचा व्यास 50 सेंटीमीटर आहे. (पाणी आतल्या भोकाच्या ड्रममधून बाहेरच्या टबमध्येही जातं, म्हणून मोजायचा तोच.) मग पाण्याची प्रत्येक सेंटीमीटर उंची म्हणजे साधारण 2 लिटर. चकतीच्या मशीनमध्ये 25 सेंटीमीटर पाणी घेतलं तर 50 लिटर झाले. एक धुणं आणि दोन खळखळणं, म्हणजे टब तीनदा भरतो. एकूण 150 लिटर. तेवढ्याच कपड्यांसाठी खांबाला 35 सेंटीमीटर पाणी लागलं, तर 70 लिटर तीनदा, म्हणजे 210. खांब स्वतः थोडी जागा व्यापतो, ते सोडून देऊ. फरक 60 लिटरचा, म्हणजे 15 लिटरच्या चार बादल्या. आठवड्यात चार वेळा मशीन लावली तर 200 लिटरचं एक बॅरल भरून वर उरेल एवढं पाणी.

पण हा फरक बोअरच्या पाण्याने सहज खाऊन टाकता येतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात फेस कमी होतो म्हणून घरात सवयीने पावडर जास्त टाकली जाते, आणि चकतीच्या कमी पाण्यात ती पूर्ण निघत नाही. गडद कपड्यांवर पांढरे डाग आणि वाळल्यावर टॉवेल कडक, ही त्याची खूण. मग आपण एक्स्ट्रा रिन्स दाबतो, म्हणजे आणखी 50 लिटर. 150 चे झाले 200. बचत जवळजवळ संपली. त्यामुळे असं पाणी असेल तर पावडर आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून टाका, किंवा लिक्विड वापरा, आणि एक्स्ट्रा रिन्स फक्त खूण दिसली तरच द्या.

तुमच्या मशीनचा खरा आकडा मोजायचा असेल तर नळ बंद ठेवा, कपडे न टाकता मशीन नेहमीच्या पाण्याच्या पातळीवर सुरू करा आणि बादलीने पाणी ओता. पुरेसं पाणी झालं की आतला सेन्सर ते ओळखतो आणि धुणं आपोआप सुरू होतं. तोवर बादल्या मोजायच्या. आमच्याकडे 15 लिटरच्या साडेतीन लागल्या, म्हणजे साधारण 52 लिटर. फार हळू ओतलं तर काही मशीन पाणी येत नाही असं समजून स्क्रीनवर `IE` दाखवतात. तेव्हा पॉज करून पुन्हा सुरू करा. कपडे असताना ते स्वतः पाणी शोषतात, तेवढं थोडं जास्त धरा.

गुंता

इथे चकती हरते. साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते, नऊवारी तर आठ मीटरच्या वर. चकती एका दिशेला काही सेकंद फिरली की साडी, ओढणी आणि शर्टाच्या बाह्या एकमेकांभोवती दोरासारख्या पिळल्या जातात. उलट्या फेरीत तो पीळ पूर्ण सुटत नाही. मग स्पिनला सगळं ओझं एका बाजूला जातं, मशीन धडधडते आणि बऱ्याच मशीनवर `UE` येतं. मशीन बिघडली असं समजून लगेच मेकॅनिकला फोन करू नका. आधी थांबवून पीळ सोडवा आणि कपडे ड्रमभर सारखे पसरवा.

खांबात असा दोर कमी होतो, पण लांब कपडा खांबालाच गुंडाळला जातो आणि दोन्हीकडून ओढला जातो. साडीचे काठ तिथेच ताणतात. म्हणून खांबाच्या मशीनमध्ये साडी कधीही खांबाभोवती वेटोळी घालून ठेवू नये, सैल गोळा करून बाजूला टाकावी. चकतीत कपडे कडेने गोल टाकावेत, मधला भाग थोडा मोकळा ठेवावा. एका वेळी दोनपेक्षा जास्त साड्या नकोत, आणि त्या जाळीच्या पिशवीत असतील तर उत्तम.

कपडे जास्त झालेत का, हे बघायला एक सोपी चाचणी आहे. एखादा रंग न सोडणारा लाल रुमाल सगळ्यात वर टाका आणि काचेच्या झाकणातून बघा. फोनवर तीन मिनिटांचा टायमर लावा. तेवढ्यात तो एकदा तरी खाली बुडून पुन्हा वर आला पाहिजे. तिथेच बसून राहिला, किंवा सगळा ढीग एका गोळ्यासारखा फिरत असेल, तर दोन कपडे काढा. ते जमत नसेल तरच पाण्याची पातळी एक पायरी वाढवा.

घरात साड्या आणि ओढण्या जास्त असतील आणि टँकरचं पाणी विकत घेत असाल, तर मी चकतीचीच मशीन घेईन, जाळीच्या पिशव्यांसकट. खांबवाली घ्यायची ती रोज शेतातले कपडे धुवायचे असतील आणि विहिरीला मार्चनंतरही पाणी टिकत असेल तरच.