लागर बिअरमधील तांदूळ आणि मका

बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या फिकट लागर बिअरमध्ये बार्लीच्या (सातूच्या) माल्टबरोबर मोड न आणलेला तांदूळ किंवा मका घातलेला असतो. या धान्याला बिअरधंद्यात अ‍ॅडजंक्ट, म्हणजे पूरक धान्य, म्हणतात. त्याचे प्रमाण साधारणपणे एकूण धान्याच्या २० ते ४० टक्के असते. असे काहीही न घालता केलेली बिअर ती ‘ऑल-माल्ट’. माल्ट महाग, तांदूळ-मका स्वस्त, म्हणून ही भेसळ, असा एक सार्वत्रिक समज आहे. मक्याच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे, परंतु ही पद्धत रूढ झाली ती मुख्यतः वेगळ्या अडचणीतून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन बिअरकारांनी लागरचे यीस्ट आणि कृती सोबत नेली. तेथे त्यांच्या हाती आली ती मात्र सहा रांगी बार्ली. या जातीच्या कणसावर दाण्यांच्या सहा रांगा असतात, दाणे बारीक असतात आणि युरोपातील दोन रांगी बार्लीपेक्षा त्यांत प्रथिने व टरफल जास्त असते. प्रथिने जास्त झाली की बिअर थंड केल्यावर गढूळ होते, कारण प्रथिने आणि टरफल-हॉप यांतील पॉलिफिनॉले एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म कण तयार होतात. काचेच्या पेल्यातून पारदर्शक बिअर पिण्याची आवड वाढत असताना हा दोष परवडणारा नव्हता. बोहेमियातून १८६८ मध्ये अमेरिकेस गेलेले रसायनज्ञ अँटोन श्वार्ट्‌झ यांनी ‘अमेरिकन ब्रूअर’ या नियतकालिकातून तांदूळ व मका वापरण्याचा पुरस्कार केला. या धान्यांतून स्टार्च मिळतो, पण विरघळणारी प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत. त्यामुळे माल्टमधील जादा प्रथिने आपोआप विरळ होतात. उलट सहा रांगी माल्टमध्ये स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरेही मुबलक असतात, इतकी की ती स्वतःच्या स्टार्चखेरीज बाहेरून आलेला स्टार्चही पचवू शकतात. म्हणजे त्या बार्लीचा दोष आणि तिची ताकद दोन्ही पूरक धान्याच्या पथ्यावर पडल्या. सेंट लुईसमध्ये अडॉल्फस बुश यांनी १८७६ मध्ये बाजारात आणलेल्या बडवायझरमध्ये तांदूळ होता.

तांदूळ बिअरमध्ये घालायचा म्हणजे तो नुसता माल्टमध्ये मिसळून चालत नाही. विकरे काम करू शकतील अशी अवस्था यायला स्टार्चचे कण पाण्यात फुगून फुटावे लागतात. बार्लीच्या बाबतीत ते ६० ते ६५ अंश सेल्सियसला होते आणि माल्टचा लगदा (मॅश) याच तापमानाला ठेवलेला असतो. मक्याला त्याहून थोडी जास्त उष्णता लागते, तर तांदळाच्या काही जातींना ८० अंशांच्याही पुढे जावे लागते. त्या तापमानाला माल्टची विकरे निकामी होतात. म्हणून पूरक धान्य वेगळ्या भांड्यात शिजवतात. तांदळाची कणी पाण्यात घेऊन तिच्यात थोडे माल्ट घालतात आणि मिश्रण सुमारे ७० अंशांवर काही वेळ थांबवतात. माल्टच्या विकरांनी लापशी पातळ होते, नाहीतर ती घट्ट होऊन तळाला करपते. मग सुमारे अर्धा तास उकळतात. दरम्यान मुख्य पातेल्यात बाकीचे माल्ट ५० अंशांवर भिजत असते. उकळता तांदूळ त्यात सोडला की दोन्हींचे तापमान मिसळते. समजा मिश्रणात एकतृतीयांश उकळती लापशी आणि दोनतृतीयांश ५० अंशांचे माल्ट आहे, तर सरासरी येते सुमारे ६७ अंश, म्हणजे विकरांना स्टार्चची साखर करायला नेमके हवे तेवढे. वेगळी आंच न देता मुख्य मॅश पुढच्या टप्प्यावर जातो. या पद्धतीतला सर्वांत देखणा भाग मला हाच वाटतो.

शिजवणे कमी पडले की आयोडिनाचा थेंब ते सांगतो. पांढऱ्या बशीत मॅशचा द्रव घेऊन त्यात आयोडीन टाकल्यावर निळा-काळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे असे समजावे. तसाच पुढे गेला तर गाळण मंदावते, साखर कमी मिळते आणि बिअर गढूळ राहते. मक्याची आणखी एक अट आहे. त्याच्या अंकुरात तेल असते, ते फेस मारते आणि पुढे खवट होते. म्हणून कारखान्यात मक्याचा अंकुर काढलेला रवाच घेतात. धान्य आधीच वाफवून, लाटून केलेले पोहे घेतले तर वेगळे शिजवण्याची गरज उरत नाही. आणि मक्याचा साखरपाक असेल तर तो मॅश गाळून काढलेल्या उकळत्या रसात थेट ओततात.

प्रमाण किती वाढवावे याला मर्यादा घालते ते यीस्ट. त्याला वाढण्यासाठी साखरेबरोबर अमिनो आम्लेही लागतात आणि ती जवळजवळ सगळी माल्टमधून येतात. समजा, १२ टक्के घन अंश असलेल्या निव्वळ माल्टच्या रसात यीस्टला उपयोगी पडणारे नायट्रोजन लिटरला २२० मिलिग्रॅम आहे. घन अंशातला ३० टक्के वाटा तांदळाने उचलला तर ते सुमारे १५४ वर येते, ४० टक्क्यांवर १३२. चांगल्या आंबवणीसाठी साधारण १५० लागते असे धरले जाते. त्याखाली गेले की आंबवण रेंगाळते, गंधकाचा वास राहतो आणि व्हॅलीन हे अमिनो आम्ल लवकर संपल्यामुळे लोण्याच्या वासाचे डायअ‍ॅसिटिल वाढते. कमी प्रमाणात माल्ट वापरणाऱ्याला म्हणून माल्टची निवड जास्त काळजीने करावी लागते.

पेल्यातला फरक दारूच्या प्रमाणात नसतो, कारण तांदळाचा स्टार्चही माल्टच्याच विकरांनी साखर होतो आणि दोन्ही बिअर सारख्याच कडक करता येतात. फरक अंगात आहे. ऑल-माल्ट बिअर रंगाने गडदसर, चवीला भाकरीच्या कवचासारखी, जिभेवर भरीव आणि फेसाला टिकाऊ असते. तांदळाची बिअर फिकी, कोरडी, चटकन संपणारी. मक्याची किंचित गोलाईची. मक्याने बिअरला मक्याचा वास येतो हे मात्र खरे नाही. शिजलेल्या कणसाचा तो वास डायमिथिल सल्फाइडचा. तो फिकट माल्टमधल्या पूर्वद्रव्यापासून तयार होतो आणि निव्वळ माल्टच्या बिअरमध्येही, रस नीट उकळला नाही तर, ठळक जाणवतो. अमेरिकेत २०१९ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीने प्रतिस्पर्ध्यांच्या मक्याच्या पाकावर बोट ठेवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. पण पाकातली साखर यीस्ट बहुतेक सारी खाऊन टाकते.

जर्मनीत १९०६ पासून साम्राज्यभर लागू झालेल्या शुद्धता कायद्याने लागरसाठी फक्त बार्लीचे माल्ट मान्य केले; जपानमध्ये तांदूळ-मका दोन्ही नित्याचे आहेत. भारतात पिकणारी बार्ली बहुतांशी सहा रांगीच आहे आणि इथल्या लागरमध्ये तांदळाचे पोहे, मका वा साखर यांपैकी काहीतरी असणे सर्रास आहे. दोन रांगी माल्ट-जाती अलीकडे राजस्थान आणि हरियाणाकडे लावल्या जाऊ लागल्या आहेत.