शांती अवेदना सदनाची वाटचाल : मॉर्फिनची मात्रा आणि मनातला हेतू

केज तालुक्यातला कॅन्सरचा रुग्ण बहुधा आधी बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय गाठतो, नाहीतर थेट परळचं टाटा. ‘आता घरी न्या’ असं सांगितलं की नातेवाइकांपुढे प्रश्न उभा राहतो तो औषधाचा नसतो, कळांचा असतो. याच प्रश्नासाठी टाटामधले कॅन्सर शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला अखेरपर्यंत सांभाळणारी, ‘हॉस्पिस’ म्हणतात तशी देशातली ही पहिली संस्था. पुढे गोवा आणि दिल्लीतही तिच्या शाखा झाल्या.

मुहूर्त मात्र वाईट होता. अंमली पदार्थविरोधी कायदा नोव्हेंबर 1985 मध्येच लागू झाला होता. मॉर्फिनच्या नोंदीत घोळ सापडला तर किमान दहा वर्षं तुरुंग, या धास्तीने औषध दुकानदारांनी आणि दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. (आणि अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत आपण!) कॅन्सरच्या रुग्णाने तळमळावं असा काही कायदा करणाऱ्यांचा हेतू नव्हता. पण हेतू नव्हता एवढ्याने कोणी सुटत नाही. परिणाम दिसू लागल्यावरही दुरुस्तीला 2014 साल उजाडलं.

खाटेजवळचा प्रश्न आणखी नाजूक. मॉर्फिन जास्त झालं तर श्वास मंदावतो, हे डॉक्टरला ठाऊक असतं. मग ते देणं म्हणजे मारणं का? ख्रिस्ती नीतिशास्त्रात यावर ‘दुहेरी परिणामाचा सिद्धांत’ आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणात हल्लेखोर मेला तर काय, या चर्चेत त्याचं मूळ मांडलं. 1957 मध्ये पोप बाराव्या पायस यांनी भूलतज्ज्ञांना स्पष्टच सांगितलं : दुसरा उपाय नसेल तर आयुष्य थोडं घटण्याची शक्यता असली तरी वेदनाशमन चालेल, मात्र मृत्यू हे उद्दिष्ट नको. अटी थोडक्यात अशा : कृती मुळात वाईट नसावी, वाईट परिणाम हवासा नसावा, चांगला परिणाम वाईटातून साधलेला नसावा आणि धोका पत्करण्याइतकं कारण मोठं असावं. तिसरी अट कळीची. वेदना थांबते ती औषधाने, मृत्यूने नव्हे.

आपल्या कायद्यातही हे बसलेलं आहे. 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 88 मधलं उदाहरण शल्यविशारदाचंच होतं : शस्त्रक्रियेत रुग्ण दगावण्याचा संभव त्याला माहीत आहे, पण तो हेतू नाही, रुग्णाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी तो ती करतो, म्हणून गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 26 मध्ये आली.

पण हेतू मनात असतो, तो ओळखायचा कसा? केसपेपर पाहून. समजा, एका रुग्णाला दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी चालू आहे, म्हणजे दिवसाला 60. मधेच कळ आली तर जादा 10. दिवसभरात चार जादा गोळ्या लागल्या, एकूण 100 झाले. मग दुसऱ्या दिवशी दर वेळची मात्रा साधारण 15 होते. वाढ वेदनेच्या मागून चालते. ग्लानी वाढली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास मिनिटाला आठच्या खाली आला, तर मात्रा रोखायची आणि गरज पडल्यास नॅलोक्सोनचा उतारा थोडाथोडा द्यायचा. मूत्रपिंड निकामी असेल तर औषध अंगात साचतं, म्हणून सुरुवातीपासूनच हात आखडता. याउलट, कळ तेवढीच असताना एकदम दहापट मात्रा दिली, तर तोंडाने काहीही सांगा, केसपेपर वेगळंच बोलतो. आणखी एक कसोटी : कळ थांबली आणि रुग्ण जगला, तर डॉक्टरचं काम फसलं का? वेदना शमवायला निघालेल्याच्या दृष्टीने ते फत्ते झालं.

माझं मत असं की मॉर्फिनच्या बाबतीत या सिद्धांताचा आधार फार क्वचित लागतो. बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य घटवतं, असं अभ्यासांत दिसत नाही. सिद्धांताची खरी परीक्षा अखेरच्या दिवसांत, दुसरा कुठलाही उपाय न चालणाऱ्या यातनांसाठी रुग्णाला गुंगीत ठेवतात तिथे होते. तिथेही यातना शमतील एवढीच गुंगी, हीच मर्यादा.

2014 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला मॉर्फिनसाठी वेगवेगळे परवाने काढावे लागत नाहीत. केजच्या वाचकांनी आपल्या उपजिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घेतली आहे का, एवढं जाऊन विचारावं. नसेल तर तसा लेखी अर्ज द्यावा.