क्लाइनचा चतुर्गट

१२. आयत जागच्या जागी ठेवणाऱ्या चार क्रियांचा गट : काहीच न करणे (e), आडव्या अक्षाभोवती उलटणे (a), उभ्या अक्षाभोवती उलटणे (b) आणि अर्धा फेरा (ab). यातली कोणतीही क्रिया दोनदा केली की आयत पूर्ववत होतो. लेखक ‘साहजिकच क्रमनिरपेक्ष’ म्हणून पुढे सरकतात, कारण असे. ab हाही गटाचाच घटक, म्हणून abab = e. दोन्ही बाजूंना डावीकडून a ने व उजवीकडून b ने गुणले, की ba = ab. (वर्गाऐवजी घन e असेल तर हे चालत नाही, २७ घटकांचा एक गट त्याचे उदाहरण आहे.) आता गुणाकारालाच बेरीज म्हटले, तर a + a = 0, आणि हा गट 1 + 1 = 0 मानणाऱ्या ०, १ या दोनच अदिशांवरचा सदिश अवकाश ठरतो. त्यामुळे अशा सांत गटाची घटकसंख्या २ चा घातच असते. येथे a, b हा आधार, मिती २, घटक ४.