‘उजाडू लागले’ : मराठीतील उन्नयन व नियंत्रण क्रियापदे – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

‘मुले खेळू लागली’ आणि ‘मुलांनी खेळायला सुरुवात केली’ ही दोन वाक्ये अर्थाने जवळजवळ सारखी आहेत. मात्र त्यांची रचना मुळातच निराळी आहे. दुसऱ्या वाक्यात मुले ‘सुरुवात करणे’ या क्रियेचीही कर्ती आहेत आणि ‘खेळणे’ या क्रियेचीही. पहिल्या वाक्यात मुले केवळ ‘खेळणे’ या क्रियेची कर्ती असून ‘लागणे’ हे क्रियापद त्यांना अर्थदृष्ट्या काहीही देत नाही. ते दुसऱ्याचा कर्ता उसना घेते. आधुनिक भाषाविज्ञानात पहिल्या प्रकारास उन्नयन व दुसऱ्या प्रकारास नियंत्रण असे म्हणता येईल. हा भेद कसा ओळखावा, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नोम चॉम्स्की यांनी 1965 साली इंग्रजीतील ‘एक्स्पेक्ट’ व ‘पर्स्वेड’ या क्रियापदांची वाक्ये वरवर सारखी दिसत असली तरी त्यांची अंतर्गत रचना भिन्न असल्याचे दाखविले. पीटर रोझेनबाउम यांचा पूरकवाक्यांवरील ग्रंथ 1967 साली प्रसिद्ध झाला. 1970 साली डेव्हिड पर्लमटर यांनी ‘बिगिन’ हे क्रियापद दोन्ही प्रकारांनी वापरले जाते, असा युक्तिवाद मांडला. पॉल पोस्टल यांनी 1974 साली उन्नयनावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या चर्चेत दोन कसोट्या पुढे आल्या. पहिली कसोटी इंग्रजीतील ‘इट’, ‘देअर’ यांसारख्या अर्थशून्य कर्त्यांची आणि दुसरी वाक्प्रचाराच्या खंडांची. ज्या शब्दाला स्वतंत्र अर्थ नाही तो प्रयत्न किंवा इच्छा करू शकत नाही. म्हणून तो नियंत्रण क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही.

पहिली कसोटी : भावकर्तृक क्रियापदे

मराठीत ‘इट’सारखा रिक्त कर्ता नाही. म्हणून ही कसोटी मराठीला लागू पडत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्यांना स्वतंत्र कर्ताच नसतो अशा ‘उजाडणे’, ‘सांजावणे’, ‘मळमळणे’ यांसारख्या क्रियापदांना आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच ‘भावकर्तृक’ असे नाव दिले आहे. नेमकी हीच क्रियापदे येथे उपयोगी पडतात. उरण तालुक्यातील मोरा बंदरावर पहाटेच्या लाँचची वाट पाहणारा प्रवासी ‘उजाडू लागले’ असे सहज म्हणेल. ‘उजाडायला सुरुवात केली’ असे तो म्हणणार नाही. ‘करणे’ या क्रियेस कर्ता हवा आणि तो येथे नाही. ‘लागणे’ला मात्र स्वतःचा कर्ता लागत नाही.

ही कसोटी वापरताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘पाऊस पडणे’ हे उदाहरण निवडल्यास फसगत होते. ‘पावसाने पडायला सुरुवात केली’ हे वाक्य चालते. कारण ‘पाऊस’ हे अर्थयुक्त नाम आहे आणि त्यावर चेतनत्वाचा आरोप होऊ शकतो. वाक्य ग्राह्य ठरले म्हणून ‘सुरुवात करणे’ हे उन्नयन क्रियापद ठरत नाही.

दुसरी कसोटी : वाक्प्रचारखंड

‘धाबे दणाणणे’ या वाक्प्रचारातील ‘धाबे’ वाक्प्रचारातच अर्थपूर्ण ठरते. ‘चोरांचे धाबे दणाणू लागले’ येथे वाक्प्रचाराचा अर्थ अबाधित राहतो. ‘धाब्याने दणाणायला सुरुवात केली’ असे म्हणताच तो नष्ट होतो. ‘डाळ शिजणे’ हे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘येथे त्याची डाळ शिजू लागली’ याचे शब्दशः व लाक्षणिक असे दोन्ही अर्थ होतात. ‘त्याच्या डाळीने शिजायला सुरुवात केली’ येथे फक्त पातेल्यातील डाळ उरते. पहिल्या वाक्यात ‘लागली’ हे रूप ‘डाळ’ या नामाच्या लिंगानुसार स्त्रीलिंगी झाले आहे, हेही लक्षणीय आहे. म्हणजे अर्थाने ‘शिजणे’शी बांधलेले नाम व्याकरणदृष्ट्या ‘लागणे’चा कर्ता झाले आहे. उन्नयन म्हणतात ते हेच.

मर्यादा

या कसोट्या एकाच दिशेने सिद्ध होतात. ‘उजाडू लागले’ ग्राह्य असल्याने ‘लागणे’ हे उन्नयनाने वापरता येते, एवढेच ठरते. नियंत्रणाने वापरता येत नाही, असे त्यातून ठरत नाही. ‘आता अभ्यास करू लाग’ अशी आज्ञा देता येते आणि आज्ञा ऐकणाऱ्याकडे कर्तृत्व गृहीत धरते. पर्लमटर यांनी ‘बिगिन’विषयी मांडलेला दुहेरीपणा म्हणूनच ‘लागणे’लाही लागू असण्याची शक्यता आहे. ‘सुरुवात करणे’ मात्र दोन्ही कसोट्यांवर केवळ नियंत्रणाचेच ठरते.

निष्कर्ष

शालेय व्याकरणात ‘लागणे’ला सहायक क्रियापद म्हणून नोंदवून विषय संपविला जातो आणि भावकर्तृक क्रियापदे निराळ्या प्रकरणात राहतात. ही दोन प्रकरणे एकत्र वाचल्यास ‘उजाडू लागले’ हे दोन शब्दांचे वाक्यच भेद स्पष्ट करते. इंग्रजीला ज्यासाठी रिक्त सर्वनाम लागले, ते काम मराठीत कर्त्याची अनुपस्थितीच करते.