सोळा आणे पीक आणि आकड्यांची जात

खेड्याचा सत्याग्रह आपल्याला गांधीजींच्या चरित्रातून ठाऊक असतो. 1917 सालच्या पावसाने गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याची पिकं बुडवली आणि 1918च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. त्या लढ्याच्या मुळाशी एक आकडा होता, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. तो आकडा म्हणजे चार. मुंबई इलाख्याच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब करता येत असे. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणत होते, नाही, जास्त आहे. शेतकऱ्यांनी पंच नेमा म्हटलं, तेही सरकारने मानलं नाही.

मी आणेवारीच्या जुन्या कागदांकडे वळलो तो दुष्काळाचा इतिहास समजून घ्यायला. संख्याशास्त्राचं रीतसर शिक्षण माझ्याजवळ नाही. जे आलं ते जुनी पुस्तकं आणि अहवाल चाळता चाळता. पण कागद वाचताना एक प्रश्न सुटेना. तलाठी आणि सर्कल अंमलदार शेताच्या बांधावर उभे राहून पीक नजरेनं पाहतात आणि सांगतात, 'सहा आणे'. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे, त्या हिशेबाने सहा. हा 'सहा' नेमका कसला आकडा आहे? सहा शेरांतला सहा, सहाव्या इयत्तेतला सहा, की सहा नंबरच्या घरातला सहा? अक्षर तेच, पण तिन्हींच्या मागचं काम वेगळं.

या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला शेतीच्या नव्हे, तर आवाजाच्या अभ्यासात सापडलं. 1932 साली ब्रिटिश असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने एक समिती नेमली. भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून एकोणीस सभासद, अध्यक्ष फर्ग्युसन. विषय असा की माणसाला होणाऱ्या संवेदनांचं संख्येत मापन करता येईल काय? समिती भांडत राहिली. 1938 सालच्या अंतरिम अहवालानेही मतभेदच वाढले. शेवटच्या, 1940च्या अहवालासाठी त्यांनी भांडायला एक ठोस उदाहरण निवडलं: हार्वर्डच्या स्टॅनली स्मिथ स्टीव्हन्स यांनी हॅलोवेल डेव्हिस यांच्यासह 1938 साली मांडलेली 'सोन' नावाची आवाजाच्या मोठेपणाची मोजपट्टी.

सोनची रीत साधी होती. ऐकणाऱ्याला एक सूर ऐकवायचा आणि दुसरा सूर पहिल्याच्या निम्म्याइतका मोठा वाटेल असा लावायला सांगायचं. अशा निवाड्यांवरून पट्टी बांधायची. समितीतल्या नॉर्मन कॅम्पबेल यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांना हे मापनच वाटत नव्हतं. दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की त्यांची लांबी खरोखर बेरजेइतकी होते. दोन वजनं एकाच पारड्यात घालता येतात. एका माणसाची 'मोठा आवाज' ही संवेदना दुसरीला जोडायची कशी? बेरीज दाखवता येत नसेल तर मापन नाही, असं या मंडळींचं म्हणणं होतं. हा आक्षेप मला हटवादी वाटत नाही. बांधावरच्या 'सहा आण्यां'वरही तो तसाच्या तसा लागू पडतो.

स्टीव्हन्स यांनी 1946च्या जूनमध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात चार पानांचं उत्तर दिलं. मापन आहे की नाही हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. नियमाप्रमाणे वस्तूंना संख्या लावल्या की ते मापनच, पण नियम जसा तशी मापनाची जात, असं ते म्हणाले. अशा चार जाती त्यांनी सांगितल्या. पहिली नामदर्शक. फुटबॉलपटूच्या पाठीवरचा क्रमांक फक्त हा खेळाडू तो नव्हे एवढं सांगतो. दुसरी क्रमदर्शक, तिच्यात कमीजास्त कळतं, पण किती ते कळत नाही. तिसरी अंतरदर्शक. तिच्यात पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, पण शून्य आपल्या सोयीने ठेवलेलं असतं. चौथी गुणोत्तरदर्शक, जिच्यात शून्य म्हणजे खरोखर काही नसणं, म्हणून 'दुप्पट' म्हणायला अर्थ असतो.

या याद्या पाठ्यपुस्तकात पाठ करायला देतात आणि तिथेच गंमत निघून जाते. स्टीव्हन्स यांचा खरा मुद्दा पुढे आहे. प्रत्येक जातीत आकडे बदलण्याची एक मोकळीक असते. क्रमदर्शक पट्टीवरचे आकडे क्रम न मोडता वाटेल तसे ताणले वा आवळले तरी मूळ माहिती तितकीच राहते. मग जे संख्याशास्त्रीय उत्तर अशा ताणाताणीनं बदलतं, ते वस्तूबद्दल काही सांगत नसतं. ते आपण निवडलेल्या आकड्यांबद्दल सांगत असतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. खनिजांच्या कठीणपणाची मोह्स यांची पट्टी 1812 सालची आहे. कोण कोणाला ओरखडा काढतं यावर ती बांधली आहे: ऑर्थोक्लेज 6, गारगोटी 7, पुष्कराज 8, कुरुविंद म्हणजे माणकाचं खनिज 9, हिरा 10. समजा, एका पुडीत एक पुष्कराज आणि दोन कुरुविंद आहेत: 8, 9, 9. दुसरीत दोन गारगोट्या आणि एक हिरा: 7, 7, 10. सरासरी काढली तर पहिली पुडी 8.67 आणि दुसरी 8. पहिली पुडी अधिक कठीण ठरली.

आता तेच खडे यंत्रावर तपासू. गारगोटी 100 धरली, तर पुष्कराज सुमारे 200, कुरुविंद 400 आणि हिरा 1500च्या आसपास जातो. नऊ ते दहा ही शेवटची एक पायरी म्हणजे एक कडाच आहे. खड्यांचा क्रम मात्र तोच राहिला. आता पहिल्या पुडीची सरासरी 333 आणि दुसरीची 567. निकाल उलटा झाला! खडे बदलले नाहीत, क्रम बदलला नाही, तरी बदलला. म्हणून क्रमदर्शक पट्टीवर सरासरीला स्टीव्हन्स यांनी जागा दिली नाही. मध्यक घ्या, म्हणजे ओळीत मधोमध उभा असलेला खडा. पहिल्या पुडीत तो कुरुविंद, दुसरीत गारगोटी. 9 आणि 7 म्हणा की 400 आणि 100 म्हणा, पहिली पुडीच वर राहते. त्याहून खालच्या नामदर्शक पट्टीवर मध्यकही निरर्थक होतो, कारण ओळच नसते. तिथे फक्त मोजणी आणि बहुलक, म्हणजे कोणता गट सर्वांत मोठा, एवढंच उरतं.

तापमान एक पायरी वर आहे. तिथे सरासरी चालते, पण 20 अंश सेल्सिअस 10 अंशांच्या दुप्पट गरम नसतं. तेच दोन दिवस फॅरनहाइटमध्ये 68 आणि 50 होतात आणि दुप्पट नाहीशी होते. त्याच कारणाने विचरणगुणांक, म्हणजे प्रमाण विचलनाला सरासरीने भागून येणारा आकडा, इथे फसवतो. 10, 20, 30 अंश सेल्सिअस या तीन तापमानांचा तो सुमारे 41 टक्के येतो, फॅरनहाइटमध्ये सुमारे 22 टक्के. त्याला खरं शून्य लागतं, म्हणून तो चौथ्या जातीसाठी राखलेला.

आता पुन्हा बांधावर येऊ. खेड्याच्या वादात आणेवारीकडून मागणी अगदी माफक होती: पीक चार आण्यांच्या रेषेखाली की वर? एवढ्यासाठी क्रम पुरतो, अर्थात रेषा कुठे हे दोन्ही बाजूंना मान्य असेल तर. ते नव्हतंच. सोळा आणे म्हणजे चांगल्या वर्षाचं पीक की सर्वसाधारण वर्षाचं, यावर चार आण्यांची जागा हलते. पण त्याच सरकारी दप्तरात आणेवारीकडून दुसरं, फार मोठं काम करून घेतलं जाई. एकूण उत्पादन काढायची रीत अशी: पिकाखालचं क्षेत्र, गुणिले एकरी सामान्य उतारा, गुणिले आणेवारीचा सोळावा हिस्सा. समजा हजार एकर जमीन, सामान्य उतारा एकरी 400 पौंड, पीक आठ आणे, तर उत्पादन दोन लाख पौंड. हा गुणाकार आणेवारीला चौथ्या जातीत बसवतो. शून्य खरं, पायऱ्या सारख्या, आठ आणे म्हणजे बरोबर निम्मं. आणि ज्याला अंदाजपत्रकात निम्मं म्हटलं, ते प्रत्यक्षात सहा आणे असेल तर? क्रमाला धक्का लागत नाही, चार आण्यांच्या गावाहून हे गाव बरंच राहतं. हिशेबात मात्र पन्नास हजार पौंड धान्य असं येतं की जे कोणत्याच खळ्यावर नाही. दुष्काळाच्या वर्षी धान्य कुठून कुठे न्यायचं हे ठरतं ते अशा हिशेबावर.

याला उत्तर कागदावरून नव्हे, शेतातून आलं, आणि ते आपल्याकडच्या माणसांनी दिलं. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी चाळीसच्या दशकात, म्हणजे स्टीव्हन्स लिहीत होते त्याच काळात, पीक कापणी प्रयोगांची पद्धत उभी केली. गावं, शेतं आणि शेतातला तुकडा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडायचा, ठरल्या मापाची चौकट आखायची, पीक कापायचं, मळायचं, दाणे तोलायचे. पौंडाला शून्य असतं आणि दोन ढीग एका पारड्यात घालता येतात. कॅम्पबेल यांनाही हे मान्य झालं असतं. म्हणजे चूक संपली असं नव्हे. तुकडा फार लहान घेतला की काठावरची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो. पण ही चूक मोजता येणारी आहे, तुकडा वाढवत गेलं की ती कमी होताना दिसते. नजरेच्या 'सहा'मध्ये किती चूक आहे हे त्या 'सहा'कडे कितीही पाहून कळत नाही.

स्टीव्हन्स यांच्या या बंधनांवर सर्वांत खट्याळ हल्ला 1953 साली फ्रेडरिक लॉर्ड यांनी केला. त्यांच्या गोष्टीतले प्राध्यापक खेळाडूंना पाठीवरचे क्रमांक विकतात. नव्या विद्यार्थ्यांच्या संघाची तक्रार येते की आम्हाला मुद्दाम लहान क्रमांक दिले, बाकीचे हसतात. प्राध्यापक घाबरतात: नामदर्शक आकड्यांची सरासरी कशी काढायची? संख्याशास्त्रज्ञ बेधडक काढतो आणि दाखवतो की इतके लहान क्रमांक निव्वळ योगायोगाने येणं जवळजवळ अशक्य होतं. आकडा कुठून आला हे त्या आकड्यालाच ठाऊक नसतं, असं त्याचं म्हणणं.

लॉर्ड यांचा चिमटा बरोबर जागी बसतो, असं मला वाटतं, पण तो स्टीव्हन्स यांना पाडत नाही. तिथे प्रश्न खेळाडूंबद्दल नव्हता, क्रमांक वाटण्याच्या पद्धतीबद्दल होता, आणि त्या प्रश्नापुरते क्रमांक खरोखर संख्या होत्या. जात आकड्याला जन्मतः चिकटलेली नसते, ती प्रश्न ठरवतो, एवढी दुरुस्ती त्यातून मिळते. खुद्द स्टीव्हन्सही त्यांच्या शिष्यांइतके कडक नव्हते. मानसशास्त्रातल्या बहुतेक पट्ट्या क्रमदर्शक आहेत, त्यांच्यावर सरासरी काढणं काटेकोरपणे नियमबाह्य आहे, आणि तरी पुष्कळदा त्यातून उपयोगाचं काही निघतं, हे त्यांनी त्याच चार पानांत कबूल केलं होतं. माझा स्वतःचा रिवाज मोह्सच्या पुड्यांचाच आहे. क्रमाचे आकडे हाती आले की क्रम सांभाळून ते एकदा मुद्दाम ताणायचे, वरची पायरी दुप्पट तिप्पट करायची आणि निष्कर्ष टिकतो का पाहायचं. टिकला तर सरासरीवर मी वाद घालत नाही.

आणे गेले, आता पैसेवारी आहे. रुपयाचे शंभर पैसे धरून पन्नासच्या खाली गाव गेलं की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न येतो. खरिपात ती तीनदा जाहीर होते: नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पहिली बांधावरून येते, शेवटची कापणी प्रयोगातल्या तराजूवरून. वर्तमानपत्रात दोन्ही एकाच रकान्यात, एकाच 'पैसे' या शब्दाने छापलेल्या असतात.